जुनी लोकल जागेवरून कशी हलायची? डीसी सिरीज मोटरचं टॉर्कचं गणित सोप्या भाषेत

३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हार्बर मार्गावरची पहिली विजेवरची गाडी धावली. डोक्यावरच्या तारेत १५०० व्होल्टची डीसी वीज होती आणि डब्याखाली, चाकांच्या मधोमध, डीसी सिरीज मोटर होत्या. नव्वद वर्षं मुंबईच्या रुळांवर याच जातीच्या मोटरचं राज्य होतं.

आता गंमत बघा. या मोटरचं अवगुणांचं पुस्तक बरंच जाड आहे. तिचा वेग एका जागी थांबत नाही. लोड वाढलं की ती मंदावते, लोड काढून घेतलं की सुसाट सुटते आणि स्वतःचाच चुरा करून घेते. पिठाच्या गिरणीला किंवा लेथ मशीनला ती बसवली तर मालक दुसऱ्या दिवशी परत करेल. मग गच्च भरलेली गाडी हलवायला आणि बंदरातल्या क्रेनने ओझं उचलायला हीच मोटर का निवडली गेली?

आयटीआय आणि डिप्लोमाच्या पुस्तकात याचं उत्तर एका ओळीत मिळतं, ‘कारण हिचा स्टार्टिंग टॉर्क जास्त असतो.’ ओळ बरोबर आहे, पण ती पाठ करून काही कळत नाही. कळतं ते समीकरण उलगडल्यावर. ते अवघडही नाही.

आधी ‘सिरीज’ म्हणजे काय ते

डीसी मोटरमध्ये दोन मुख्य भाग असतात. बाहेरच्या बाजूला स्थिर बसलेली फील्ड कॉइल, जी चुंबक तयार करते. आणि आत फिरणारं आर्मेचर, ज्याच्या तारांमधून करंट वाहतो. चुंबकाच्या क्षेत्रात करंट वाहणारी तार ठेवली की तिला धक्का बसतो. हाच धक्का आर्मेचरला फिरवतो, आणि या फिरवणाऱ्या जोराला टॉर्क म्हणतात.

शंट मोटरमध्ये फील्ड कॉइल थेट सप्लायला जोडलेली असते. त्यामुळे आर्मेचरमध्ये काहीही चालू असो, चुंबकाची ताकद साधारण तेवढीच राहते. सिरीज मोटरमध्ये फील्ड आणि आर्मेचर एकामागे एक जोडलेले असतात. जो करंट आर्मेचरमधून जातो तोच फील्डमधून जातो. म्हणून हिची फील्ड कॉइल जाड तारेची आणि मोजक्या वेढ्यांची असते. पुढचं सगळं नाट्य या एका जोडणीतून घडतं.

समीकरण

मोटर फिरायला लागली की तिच्या तारा चुंबकीय क्षेत्र कापतात आणि त्यांच्यात उलट दिशेचा व्होल्टेज तयार होतो. याला बॅक ईएमएफ म्हणतात. तो असा काढतात:

E = (P × φ × Z × N) / (60 × A)

इथे P म्हणजे पोलची संख्या, φ म्हणजे एका पोलचा चुंबकीय फ्लक्स, Z म्हणजे आर्मेचरवरच्या एकूण कंडक्टरची संख्या, N म्हणजे मिनिटाला होणारे फेरे आणि A म्हणजे आर्मेचरमधले समांतर मार्ग.

या व्होल्टेजला करंटने गुणलं (E × I) की विजेची जेवढी पॉवर यांत्रिक पॉवरमध्ये बदलते ती मिळते. यांत्रिक बाजूने तीच पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग, म्हणजे T × 2πN/60. दोन्ही बाजू समान लिहिल्या की N आणि ६० दोन्हीकडून कटतात आणि उरतं ते असं:

T = (P × Z / 2πA) × φ × I

हे समीकरण दोन मिनिटं बघत बसण्यासारखं आहे. P, Z आणि A मोटर बांधतानाच ठरतात, नंतर बदलत नाहीत. म्हणजे टॉर्क फक्त दोन गोष्टींवर ठरतो, फ्लक्स आणि करंट. यात वेग नाही. सप्लायचा व्होल्टेजही नाही. मोटर उभी असो की धावत असो, तेवढाच करंट गेला तर तेवढाच टॉर्क मिळणार.

हे समीकरण सगळ्याच डीसी मोटरना लागू आहे. सिरीज मोटरचं वेगळेपण असं, की तिच्यात φ स्वतःच I वर अवलंबून आहे. करंट दुप्पट झाला की चुंबकही साधारण दुप्पट होतो. म्हणून टॉर्क चौपट:

T ∝ I²

शंट मोटरमध्ये φ स्थिर, म्हणून तिथे फक्त T ∝ I.

एक मोटर घेऊन हिशेब करू

उदाहरणासाठी एक मोटर घेऊ. सप्लाय ५०० व्होल्ट. चार पोल, वेव्ह वाइंडिंग (म्हणजे A = २), ५०० कंडक्टर. आर्मेचर आणि फील्ड मिळून रेझिस्टन्स ०.५ ओहम. नेहमीच्या लोडवर करंट १०० अँपिअर, आणि त्या करंटला फ्लक्स ०.०३ वेबर.

१०० अँपिअर गुणिले ०.५ ओहम, म्हणजे ५० व्होल्ट मोटरच्या आतच खर्च होतात. बॅक ईएमएफ उरला ४५० व्होल्ट. वरच्या पहिल्या सूत्रात टाकलं की वेग येतो ९०० आरपीएम. टॉर्कच्या सूत्रात टाकलं की साधारण ४७७ न्यूटन-मीटर. दोन्ही आकडे लक्षात ठेवा, पुढे तुलना त्यांच्याशीच आहे.

आता मोटर उभी आहे आणि आपण स्विच टाकतोय. वेग शून्य, म्हणून बॅक ईएमएफ शून्य. करंटला अडवायला फक्त ०.५ ओहम. ५०० भागिले ०.५, म्हणजे १००० अँपिअर! नेहमीच्या दहापट. वाइंडिंग आणि कम्युटेटर दोन्ही जळतील.

इथे एक गैरसमज बाजूला करू. ‘सुरुवातीला बॅक ईएमएफ नसतो म्हणून करंट जास्त, म्हणून टॉर्क जास्त’ असं उत्तर बऱ्याच नोट्समध्ये दिसतं. पण बॅक ईएमएफ तर शंट मोटरमध्येही सुरुवातीला शून्यच असतो. आणि तो बेफाम करंट आपण कुठल्याच मोटरमध्ये जाऊ देत नाही, मध्ये रेझिस्टन्स टाकून तो अडवतो. समजा १५० अँपिअरची मर्यादा ठरवली. तर एकूण ३.३३ ओहम हवेत, म्हणजे बाहेरून २.८३ ओहम जोडायचे. खरा प्रश्न असा आहे की *तेवढ्याच* परवडणाऱ्या करंटमध्ये कोणती मोटर जास्त टॉर्क देते.

शंट मोटरमध्ये १५० अँपिअरला दीडपट टॉर्क मिळेल, म्हणजे ७१६ न्यूटन-मीटर. सिरीज मोटरमध्ये वर्गाच्या नियमाने सव्वादोनपट, म्हणजे १०७४.

पण थांबा. पुस्तकातला वर्गाचा नियम इतका सरळ चालत नाही. लोखंडाला चुंबकत्व पचवण्याची मर्यादा असते. एका टप्प्यानंतर करंट कितीही वाढवा, फ्लक्स फारसा वाढत नाही. याला सॅच्युरेशन म्हणतात. समजा आपल्या मोटरमध्ये करंट दीडपट झाल्यावर फ्लक्स फक्त सव्वापट झाला, म्हणजे ०.०३७५ वेबर. मग टॉर्क येतो ८९५ न्यूटन-मीटर. १०७४ पेक्षा कमी, तरी शंटच्या ७१६ पेक्षा बराच जास्त. करंट आणखी वाढवत नेला तर सिरीज मोटरही हळूहळू T ∝ I च्या वाटेला लागते. त्यामुळे ‘टॉर्क करंटच्या वर्गाप्रमाणे वाढतो’ हे वाक्य हलक्या आणि मध्यम लोडला खरं, जबर लोडला अर्धंच खरं.

उलट बाजूने बघू. शंट मोटरकडून ८९५ न्यूटन-मीटर काढायचे असतील तर १८७ अँपिअर लागतील. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे तेवढ्याच आर्मेचरमध्ये दीडपटीहून जास्त उष्णता. गाडी दिवसभर दर दोन-तीन मिनिटांनी थांबते आणि पुन्हा निघते. तेव्हा हा फरक मोटरच्या आयुष्याचा फरक ठरतो.

मोटरमनच्या हँडलखाली काय चालायचं

करंट ठरलेल्या मर्यादेत ठेवला की गाडी वेग घेऊ लागते. वेग वाढला की बॅक ईएमएफ वाढतो आणि करंट आपोआप उतरू लागतो. तो उतरला की बाहेरच्या रेझिस्टन्सचा एक टप्पा काढून टाकायचा. करंट पुन्हा वर येतो. असं टप्प्याटप्प्याने सगळा रेझिस्टन्स निघेपर्यंत. या टप्प्यांना नॉच म्हणतात. जुन्या लोकलमध्ये सुटताना जे खटके-झटके जाणवायचे त्यामागे हे नॉच बदलणं होतं.

रेझिस्टन्समध्ये वीज नुसती तापून वाया जाते. म्हणून एक युक्ती केली जायची. सुरुवातीला सगळ्या मोटर एकमेकींना सिरीजमध्ये जोडायच्या. टॉर्कच्या समीकरणात व्होल्टेज नव्हता हे आठवतंय? त्याचा फायदा इथे. चार मोटर सिरीजमध्ये असतील तर तारेतून घेतलेले तेच १५० अँपिअर चारही मोटरमधून जातात आणि चारही पूर्ण टॉर्क देतात. प्रत्येकीला व्होल्टेज कमी मिळतो, पण उभ्या गाडीला व्होल्टेज हवाच कुठे असतो? थोडा वेग आला की जोडणी बदलून दोन-दोनच्या दोन समांतर रांगा करायच्या. प्रत्येक मोटरला दुप्पट व्होल्टेज मिळतो आणि गाडी आणखी वेग घेते.

घाटात काय होतं

मुंबईहून पुण्याला जाताना कर्जतनंतर बोर घाट लागतो. तिथला चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. याचा अर्थ गाडीच्या प्रत्येक टन वजनामागे साधारण २७ किलोचा जोर तिला मागे खेचतो. सपाटीवर टनामागे काही मोजके किलो पुरतात. म्हणजे गाडी तीच, पण घाट लागल्यावर अचानक कित्येक पट टॉर्क हवा.

शंट मोटर अशा वेळी हट्टी असते. तिचा वेग जवळपास स्थिर राहतो. जास्त टॉर्क आणि वेग मात्र तोच, म्हणजे तेवढ्याच पटीत जास्त पॉवर. सिरीज मोटर पडतं घेते. आपल्या उदाहरणात करंट १०० चा १५० झाला तेव्हा बॅक ईएमएफ ४२५ वर आला आणि फ्लक्स सव्वापट झाला. हिशेब केला तर वेग ९०० वरून ६८० आरपीएमवर उतरतो. मोटर मंदावते, पण जवळपास पावणेदोन ते दोनपट जोर लावते. आणि तारेतून घेते ७५ किलोवॅट. तेवढाच टॉर्क देणारी शंट मोटर ९३ किलोवॅट मागेल. बैल चढावर पाऊल आखूड करतो तसंच हे. सबस्टेशनवर एकदम ताण येत नाही आणि मोटरमनला काही करावंही लागत नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला मुद्दा

‘स्टार्टिंग टॉर्क’च्या गजरात एक कारण मागे पडतं. एका गाडीत अनेक मोटर असतात आणि प्रत्येक मोटर आपापला ॲक्सल फिरवते. सगळी चाकं एकाच गाडीखाली असल्याने जमिनीवरचा वेग एकच. पण चाकं सारखी झिजत नाहीत. समजा एक चाक बाकीच्यांपेक्षा २ टक्के लहान आहे. त्याची मोटर २ टक्के जास्त वेगाने फिरणार.

शंट मोटर असती तर तिचा बॅक ईएमएफ ४५० वरून ४५९ झाला असता. करंट म्हणजे ५०० वजा ४५९, भागिले ०.५, म्हणजे ८२ अँपिअर. बाकीच्या मोटर १०० घेत असताना ही ८२! चाकात २ टक्के फरक आणि कामात १८ टक्के. उरलेलं ओझं बाकीच्या मोटरवर.

सिरीज मोटरमध्ये वेग वाढला की करंट कमी होतो, करंट कमी झाला की फ्लक्स कमी होतो, आणि फ्लक्स कमी झाल्याने बॅक ईएमएफ फार वाढत नाही. तोच हिशेब केला तर करंट येतो ९८.२ अँपिअर. म्हणजे फरक जेमतेम २ टक्के. कोणतंही कंट्रोल सर्किट नाही, सेन्सर नाही, तरी सगळ्या मोटर ओझं वाटून घेतात. १९२५ साली ही केवढी मोठी सोय असेल!

क्रेन आणि हॉइस्ट

क्रेनलाही हाच स्वभाव मानवतो. हुकाला जड ओझं असेल तर ते दोरावरून सुटताना जबर टॉर्क हवा आणि वेग कमीच बरा. हुक रिकामा असेल तर तो लवकर वर यावा, उगाच वेळ जायला नको. सिरीज मोटर हे दोन्ही न सांगता करते.

पण ओझं उतरवताना हाच स्वभाव अंगाशी येतो. तेव्हा ओझंच मोटरला फिरवू लागतं. सिरीज जोडणी तशीच ठेवली तर करंट घटतो, चुंबक दुबळा पडतो आणि ओझ्याला अडवणारं काही उरत नाही. म्हणून डीसी क्रेनमध्ये उतरवताना जोडणी बदलतात. फील्डला सप्लायमधून वेगळा करंट देतात आणि आर्मेचर जनरेटरसारखं वापरून ब्रेकिंग करतात. त्याशिवाय शाफ्टवर स्प्रिंगचा यांत्रिक ब्रेक असतो. काही क्रेनमध्ये या ब्रेकची कॉइलही मोटरच्या सिरीजमध्येच जोडलेली असते. करंट आहे तोवर ब्रेक सुटलेला. करंट गेला की स्प्रिंग ब्रेक आवळते.

अनेक पुस्तकांत सिरीज मोटरच्या उपयोगांच्या यादीत ‘लिफ्ट’ही असते. हे जरा जपून वाचावं. माल चढवणाऱ्या हॉइस्टला ती ठीक. माणसांच्या लिफ्टमध्ये दोघं असोत की आठ, वेग सारखाच हवा आणि मजल्याशी नेमकं थांबायला हवं. ते हिच्या स्वभावात नाही.

लोड काढलं तर

आपल्या मोटरवरचं लोड जवळपास काढून टाकलं आणि करंट २० अँपिअरवर आला असं समजा. बॅक ईएमएफ ४९० व्होल्ट, फ्लक्स मात्र फक्त ०.००६ वेबर. वेग येतो ४९०० आरपीएम. करंट १० अँपिअर झाला तर ९९०० आरपीएम. ९०० साठी बांधलेलं आर्मेचर तिथवर पोचायच्या आधीच केंद्रोत्सारी बलाने वाइंडिंग बाहेर फेकतं. म्हणून सिरीज मोटर पट्ट्याने जोडत नाहीत. पट्टा तुटला की खेळ खलास. ती लोडशी थेट किंवा गिअरनेच जोडायची, आणि वर्कशॉपमध्ये टेस्ट करताना पूर्ण व्होल्टेजवर मोकळी सोडायची नाही.

गाडीत चाकं कायम जोडलेली असतात, मग धोका संपला का? पूर्ण नाही. पावसाळ्यात रूळ ओले झाले की एखादं चाक जागच्या जागी घसरून फिरू लागतं. त्या मोटरचं लोड गेलं, तिचा वेग वाढला, बॅक ईएमएफ वाढला. ती दुसऱ्या मोटरच्या सिरीजमध्ये असेल तर व्होल्टेजचा मोठा वाटा तीच खाते आणि घसरणं आणखी वाढतं. जोडीदार मोटर मात्र उपाशी. अशा वेळी नॉच कमी करायची, रुळावर वाळू सोडायची. वेळेत आवरलं नाही तर कम्युटेटरवर ब्रशपासून ब्रशपर्यंत ठिणग्यांचं रिंगण होतं, ज्याला फ्लॅशओव्हर म्हणतात. नंतर मोटर उघडली की कम्युटेटरवर काळे डाग आणि वितळलेल्या कडा दिसतात. आणि टॉर्क कितीही असला तरी चाक आणि रूळ यांच्यातल्या पकडीपेक्षा जास्त जोर रुळावर उतरत नाही, हेही इथेच कळतं.

मग ती गेली कुठे?

सिरीज मोटरला हरवलं ते कार्बन ब्रश आणि कम्युटेटरने. ब्रश झिजतात, त्यांची भुकटी आत साचते, कम्युटेटर अधूनमधून घासून गुळगुळीत करावा लागतो. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त झाल्यावर थ्री-फेज इंडक्शन मोटरला हवा तो व्होल्टेज आणि हवी ती फ्रिक्वेन्सी देणं जमू लागलं, आणि ब्रशची कटकटच गेली. मुंबईत पश्चिम रेल्वेने २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेने त्यानंतर टप्प्याटप्प्याने १५०० व्होल्ट डीसीऐवजी २५ हजार व्होल्ट एसी घेतली. एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवरची शेवटची डीसी लोकल धावली.

तरी तिची एक धाकटी बहीण तुमच्या स्वयंपाकघरात आहे. टॉर्क करंटच्या वर्गावर चालतो, आणि वर्ग नेहमी धनच असतो. करंटची दिशा उलटली तरी चुंबक आणि आर्मेचर दोन्ही एकदम उलटतात आणि मोटर त्याच दिशेने फिरत राहते. म्हणून पातळ पत्र्यांचा गाभा वापरून बांधलेली छोटी सिरीज मोटर घरच्या एसी विजेवरही चालते. मिक्सरमध्ये तीच असते. भांडं न लावता मिक्सर चालू केला की तो जो चढ्या आवाजात किंचाळतो आणि खोबरं टाकलं की आवाज खाली येतो, ते याच समीकरणामुळे.